खोडावरच्या शैवाकांवरून शहराच्या हवेचा नकाशा: पाहणीची आखणी

*प्रश्न: मी साताऱ्यात कॉलेजला वनस्पतीशास्त्र शिकवते. मुलांना बरोबर घेऊन शहरातल्या झाडांच्या खोडांवरची शैवाकं मोजायची आणि त्यावरून कुठली हवा किती खराब आहे याचा नकाशा करायचा, असा विचार आहे. इंग्लंडमधला एक दहा पायऱ्यांचा तक्ता मिळालाय, तो वापरला तर चालेल का? झाडं कुठली घ्यायची, किती घ्यायची आणि मोजायचं नेमकं कसं?*

तक्ता वापरू नका. तो हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी १९७० साली इंग्लंड-वेल्ससाठी केला. तिथल्या कोळशाच्या धुरातून येणारा सल्फर डायऑक्साइड हिवाळ्यात किती असतो, याचा अंदाज खोडावरच्या जाती पाहून बांधायचा, एवढाच त्याचा हेतू होता. त्यातल्या बहुतेक जाती तुम्हाला साताऱ्यात भेटणार नाहीत. शिवाय ज्या वायूसाठी तो केला, तो तुमच्याकडचा मुख्य त्रास नाही. एप्रिल २०२० पासून आपल्याकडच्या पेट्रोल-डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भाग एवढंच असतं. साताऱ्याच्या रस्त्यावर खोडापर्यंत पोचतात ते नायट्रोजनचे ऑक्साइड, गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून आणि गोठ्यांतून येणारा अमोनिया, आणि धूळ.

या फरकामुळे मोजायची गोष्टच बदलते. न्यूलांदर या शैवाकांच्या अभ्यासकाने १८६६ साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या शैवाकांवरून शहराच्या हवेबद्दल लिहिलं, तेव्हापासून ‘शैवाक गेले म्हणजे हवा बिघडली’ हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसलंय. गंधकाच्या धुराला ते बऱ्यापैकी लागू पडतं. शैवाक म्हणजे बुरशी आणि तिच्या आत राहणारं शैवाल. त्याला मूळ नाही आणि पानासारखं मेणाचं आवरणही नाही. पाऊस, दव, धूळ जे अंगावर येईल ते सगळं आत जातं, आणि त्यातला गंधक आतल्या शैवालाचं हरितद्रव्य बिघडवतो. नायट्रोजनचं तसं नाही. काही जातींना तो मारतो, तर काहींना खत म्हणून मानवतो. त्यामुळे गर्दीच्या चौकातल्या आंब्यावर शैवाक भरपूर दिसू शकतात, फक्त ते वेगळे असतात. ‘किती’ एवढंच मोजलंत तर नकाशा फसेल. ‘कोण’ हेही मोजावं लागेल.

पण साताऱ्यात खरी अडचण हवेआधी पावसाची आहे. नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला समर्थ मंदिर, बोगदा, त्यावर यवतेश्वरचा घाट आणि पुढे कास. पूर्वेला पुणे-बंगळूर महामार्ग, एमआयडीसी, कोडोली, माहुली. पश्चिमेकडे जाल तसा पाऊस वाढतो, धुकं वाढतं, दव जास्त वेळ टिकतं. पूर्वेकडे जाल तसं कोरडं होत जातं. आणि नेमकं त्याच दिशेने ट्रक आणि कारखानेही वाढतात. समजा, तुम्ही शहरभर सारख्या अंतरावर चौकटी आखल्या आणि त्यांतली झाडं मोजली, तर पश्चिमेला शैवाक जास्त आणि पूर्वेला कमी, असा सुबक नकाशा तयार होईल. वर्तमानपत्रात छापूनही येईल. त्यातला किती भाग ओलाव्याचा आणि किती धुराचा, हे मात्र तुम्हाला कधीच सांगता येणार नाही. मी जे शहरी अहवाल पाहिलेत, त्यांतले बरेचसे इथेच गळतात. शहराबाहेरच्या हिरव्या टेकडीवरचं झाड ‘शुद्ध हवेचा नमुना’ म्हणून घेतात आणि शहराची तुलना त्याच्याशी करतात. कासची जांभ्याच्या सड्यावरची झाडं शहराहून चारशे-पाचशे मीटर उंचीवर आहेत, ढगात भिजतात. त्यांची तुलना पोवई नाक्याशी करून हवेबद्दल काहीही कळत नाही.

म्हणून सगळं शहर एका फडात घेऊ नका. उत्तर-दक्षिण असे तीन पट्टे पाडा. पश्चिम पट्टा समर्थ मंदिर, बोगदा, शाहूपुरीकडचा भाग. मधला पट्टा राजवाडा, पोवई नाका, सदर बझार. पूर्व पट्टा महामार्गाच्या दोन्ही बाजू, एमआयडीसी आणि कोडोलीकडची वस्ती. प्रत्येक पट्ट्यात तीन गर्दीच्या जागा आणि तीन शांत जागा घ्या. गर्दीची जागा म्हणजे जिथे खोड वर्दळीच्या रस्त्यापासून दहा मीटरच्या आत आहे. शांत जागा म्हणजे जिथून असा रस्ता किमान दीडशे मीटर लांब आहे. मग तुलना फक्त पट्ट्याच्या आत करायची. पश्चिमेचा बोगद्याजवळचा रस्ता आणि पश्चिमेचीच एखादी गल्ली. पूर्वेचा महामार्ग आणि पूर्वेचाच एखादा मळा. ओलावा दोन्हीकडे साधारण सारखा, वाहतूक वेगळी. तीनही पट्ट्यांत फरक एकाच दिशेला पडला, तर तो पावसाचा नाही असं म्हणायला आधार मिळतो.

‘वर्दळ’ डोळ्यांनी ठरवू नका. एका आठवड्यात सकाळी नऊ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते सात, प्रत्येक जागी पंधरा-पंधरा मिनिटं गाड्या मोजा. दुचाकी, चारचाकी आणि जड वाहनं वेगळी. कास रस्त्याची मोजणी फुलांच्या हंगामात करू नका, तो आकडा वर्षभराचा नसतो. शांत जागा निवडताना गोठा बघा. करंजे किंवा कोडोलीच्या कडेला गल्ली शांत असते, पण वीस मीटरवर म्हशी बांधलेल्या असतात. त्या खोडाला चौकापेक्षाही जास्त अमोनिया मिळत असेल. शंभर मीटरच्या आत गोठा, उकिरडा किंवा उघडं गटार असेल तर ती जागा सोडा.

आता झाड. एकच जात घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. सालीचा खडबडीतपणा, पाणी धरून ठेवायची ताकद आणि आम्लता जातीजातीला बदलते, आणि हा फरक हवेच्या फरकाहून सहज मोठा असतो. निलगिरी आणि पेरू साल टाकतात, तिथे शैवाकाला बस्तान बसवायला वेळच मिळत नाही. वडाची खोडं एकमेकांत गुंतलेली असतात, त्यामुळे दिशा ठरवता येत नाही. नारळ-अशोक विसरा. साताऱ्यासाठी माझी पसंती आंब्याला आहे. साल टिकते, शैवाक चांगले बसतात, आणि आंबा रस्त्याकडेलाही असतो व परसातही. मात्र रायवळच घ्या. कलमी आंबा कमरेच्या उंचीवर फांद्या फोडतो आणि आपल्याला दोन मीटरपर्यंत सरळ, मोकळं खोड लागतं. घेर छातीच्या उंचीला ९० ते २०० सेंटीमीटर. त्याहून बारीक झाड तरुण असतं आणि शैवाक वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात, म्हणजे तिथे अजून काही जमलेलंच नसेल. खोड फार कललेलं नको. कललेल्या खोडाची वरची बाजू पावसात भिजते, खालची कोरडी राहते.

मोजणीच्या आधी दोन-तीन दिवस नुसती झाडांची शिरगणती करा. एखाद्या जागी सहा आंबे मिळाले नाहीत तर जागा सरकवा, जात बदलू नका. सगळ्या शहरातच आंबा अपुरा पडला तर सगळी पाहणी पर्जन्यवृक्षावर न्या. पण अर्धी यावर, अर्धी त्यावर असं नको.

उंचीच्या बाबतीत युरोपातला नियम जसाच्या तसा घेऊ नका. तिथे २०१४ पासून एक प्रमाण पद्धत आहे. दहा सेंटीमीटर रुंद, पन्नास सेंटीमीटर उंच शिडीसारखी चौकट, तिच्यात एकाखाली एक पाच चौरस. ती खोडाच्या चारही दिशांना लावायची आणि तिची खालची कड जमिनीपासून एक मीटरवर ठेवायची. चौकट उत्तम आहे, ती घ्या. पण आपल्या रस्त्याकडेच्या झाडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे असतात आणि ते बहुतेकदा मीटर-सव्वा मीटरपर्यंत चढतात. चुना साल अल्कधर्मी करतो, गेरूचा थर शैवाक झाकतो. दरवर्षी नवा हात. त्यामुळे चौकटीची खालची कड दीड मीटरवर ठेवा. रंगवलेल्या झाडांना आणि न रंगवलेल्यांनाही. चुना पावसाने खाली ओघळतो, वर चढत नाही, म्हणून पट्ट्याच्या वरची साल बरीचशी बचावते. पट्टा दीड मीटरच्याही वर गेला असेल तर ते झाड बाद. पूर्वी कधी रंगवलं होतं का, हे सालीच्या भेगांत बघा. पांढरे कण भिंगाखाली लगेच दिसतात.

झाड मुलांना निवडू देऊ नका. कुठल्याही मुलाचा हात आधी शैवाकांनी भरलेल्या खोडाकडे जातो, आणि शांत जागी तो जास्त जातो कारण तिथे ‘सापडायला हवं’ असं त्याला माहीत असतं. घरी बसून नकाशावर जागेचा मध्यबिंदू ठरवा. तिथे पोचल्यावर त्या बिंदूपासून जवळचे, अटीत बसणारे पहिले सहा आंबे घ्या. त्यात एखादं खोड कोरं निघालं तर तेही घ्यायचं आणि शून्य लिहायचं. शून्य ही नोंद आहे. गर्दीच्या जागेवरची दोन कोरी खोडं ‘यावर काहीच नाही’ म्हणून वगळलीत, तर जे शोधायला गेलात तेच पुसून टाकाल.

गर्दीच्या आणि शांत जागांच्या तुलनेत आणखी एक फरक शिरतो तो उन्हाचा. रस्त्याकडेचं झाड एकटं उन्हात उभं असतं, शांत जागेचा आंबा आमराईत दाट सावलीत. सावलीतल्या खोडावर लिपीसारख्या रेघांचे ग्राफिस गटाचे शैवाक वाढतात, आणि वाटतं की ते चांगल्या हवेमुळे आहेत. म्हणून शांत जागीही कडेचं, मोकळं उभं असलेलंच झाड घ्या. आमराईच्या आतलं नको. प्रत्येक खोडाजवळून मोबाइल आकाशाकडे धरून एक फोटो काढा, म्हणजे नंतर पानांचा आडोसा किती होता हे ताडून पाहता येतं.

मोजणी अशी. होकायंत्राने उत्तर ठरवा, चौकट उत्तरेच्या बाजूला बांधा. तिथे खिळा, जखम किंवा वाळवीची मातीची नळी असेल तर वीसेक अंशांपर्यंत बाजूला सरकवायला हरकत नाही. त्याहूनही जमत नसेल तर ती दिशा ‘मोजली नाही’ म्हणून रिकामी सोडा. रिकामी आणि शून्य यांची सरमिसळ झाली की पुढचं सगळं गणित बिघडतं. मग शैवाकाच्या प्रत्येक गटासाठी एकच प्रश्न विचारायचा: पाचपैकी किती चौरसांत हा आहे? ठिपका असला तरी एक, चौरस भरून असला तरी एकच. आकार मोजायचा नाही, टक्के अंदाजायचे नाहीत. टक्क्यांचा अंदाज प्रत्येक मुलाचा वेगळा येतो, आहे-नाही यावर मात्र दोघांचं सहज जमतं.

ओळखीत दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. आंब्याच्या सालीवर पांढुरके डाग असतात, त्यांतले काही नुसता सालीचा रंग असतो आणि काही खपलीसारखे चिकटलेले शैवाक. डाग पाण्याने भिजवा, मिनिटभर थांबा आणि नखाने हलकेच खरवडा. पांढऱ्याखाली हिरवी रेघ उमटली तर शैवाक, तपकिरी सालच दिसली तर डाग. दुसरा घोटाळा नारिंगी मखमलीचा. पावसाळ्यानंतर खोडावर गंजासारखा नारिंगी थर दिसतो, मुलं तो रंगीत शैवाक म्हणून लिहितात. बहुतेकदा ते ट्रेंटेपोहलिया नावाचं मोकळं शैवाल असतं. बोटाला धाग्यांसारखं लागतं, त्याला कडा नसते, शरीर नसतं. ते वेगळ्या रकान्यात लिहा, बेरजेत घेऊ नका.

जातीपर्यंत ओळखायचा हट्ट पहिल्या वर्षी नको. मुलांना गट शिकवा: खपलीसारखे, लिपीसारखे, पावडरीसारखे, सालीला घट्ट चिकटलेली राखाडी पानं, फिसिया, रुंद सुटी पानं असलेले पार्मोट्रेमा (मसाल्याच्या दगडफुलाचे भाऊबंद), झुडपासारखे, आणि ओले झाले की जेलीसारखे फुगणारे लेप्टोजियम. यांत फक्त एका जोडीची फोड करा, कारण ती तुम्हाला चौकाचौकात भेटेल. पिक्सिन कोकोस आणि डिरिनारिया. दोन्ही राखाडी, दोन्ही सालीला चिकटलेल्या, दुरून जुळ्या. नोटा तपासायची छोटी अतिनील बॅटरी घ्या आणि झाडाभोवती काळं कापड धरून अंधार करा. पिक्सिन पिवळी चमकते, कारण तिच्या वरच्या थरात लायकेझँथोन नावाचं द्रव्य असतं. डिरिनारिया तशी चमकत नाही. सुरीने कड उचललीत तर पिक्सिनच्या काळ्या पोटाला बारीक मुळांसारखे धागे दिसतात, डिरिनारियाला ते नसतात. शंका राहील ते तुकडे सालीसकट कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ते बुरशी धरतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांचा संग्रह आहे, ताडून पाहायला तो उपयोगी पडेल.

वेळ नोव्हेंबर ते जानेवारीची. पावसाळ्यात शेवाळ आणि शैवाल सगळ्यावर चढतात. एप्रिल-मेमध्ये शैवाकांची पानं आक्रसतात आणि धुळीने रंग झाकला जातो. कामाचा हिशोब सांगायचा तर तीन पट्टे, प्रत्येकी सहा जागा, प्रत्येक जागी सहा झाडं म्हणजे १०८ खोडं. शिकलेल्या दोन मुलांना एका खोडाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दिवसाला एका जोडीची नऊ-दहा खोडं होतात, त्याहून जास्त रेटलंत तर संध्याकाळच्या नोंदी भरवशाच्या राहत नाहीत. तीन जोड्या लावल्या तर चार दिवसांचं काम.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो. आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत. मधल्या पट्ट्यातल्या गर्दीच्या चौकातलं पहिलं झाड:

| गट | उत्तर | पूर्व | दक्षिण | पश्चिम |
|---|---|---|---|---|
| पिक्सिन | ४ | ३ | २ | ३ |
| डिरिनारिया | २ | ० | ० | १ |
| खपलीसारखे | ३ | २ | ० | ० |
| बेरीज | ९ | ५ | २ | ४ |

उत्तरेला जास्त, दक्षिणेला कमी, हे अपेक्षितच. दक्षिणेची बाजू उन्हाने लवकर वाळते आणि वाळलेला शैवाक झोपलेला असतो. म्हणूनच चारही दिशा वेगळ्या ठेवतो. त्या चौकातल्या सहा झाडांच्या उत्तरेच्या बेरजा समजा ९, ६, ८, ०, ७, ६ आल्या. सरासरी ६. पूर्वेच्या ५, ४, ३, ०, ४, २, सरासरी ३. दक्षिणेच्या २, १, ३, ०, ०, ०, सरासरी १. पश्चिमेच्या ४, ३, २, ०, २, १, सरासरी २. चार सरासऱ्यांची बेरीज १२. हा त्या जागेचा शैवाक-विविधतेचा आकडा. चौथं झाड सगळीकडे शून्य आहे. ते बेरजेत राहील, पण त्याचा शेरा वाचा. साल खरवडलेली होती का? दुकानाच्या पाटीसाठी खोड घासलं होतं का? तसं असेल तर ते झाड मुळात अटीत बसत नव्हतं, आणि मध्यबिंदूपासून सातवं झाड मोजायला परत जावं लागेल.

त्याच पट्ट्यातल्या शांत गल्लीचा आकडा समजा १४ आला. बारा आणि चौदा. या दोन आकड्यांवर कुणी नकाशा रंगवला तर दोन्ही जागा एकाच रंगात जातील. आता आतले गट पाहा. चौकातल्या १२ पैकी १० पिक्सिन, डिरिनारिया आणि फिसियाचे आहेत, बाकीचे २. गल्लीतल्या १४ पैकी तेच तीन गट ५, आणि खपली, पार्मोट्रेमा, लिपीवाले मिळून ९. फरक इथे आहे. म्हणून प्रत्येक जागेचे दोन आकडे ठेवा, सहनशील गटांचा आणि उरलेल्यांचा, आणि नकाशावर दुसरा दाखवा. हॉलंडमध्ये गुरांच्या अमोनियाचा माग काढताना हेच करतात, नायट्रोजन मानवणाऱ्यांची आणि आम्ल साल आवडणाऱ्यांची मोजणी वेगळी ठेवतात.

सहनशील कोण, हे मी वर गटांवरून सांगितलं. पिक्सिन कोकोस आपल्याकडच्या गजबजलेल्या शहरांत टिकून राहते, यावर फारसं दुमत नाही. बाकीच्यांचं उत्तर तुमच्याच पश्चिम पट्ट्यातून काढा. तिथे पाऊस पुरेसा आहे, त्यामुळे शांत जागी असलेला आणि बोगद्याच्या रस्त्यावर गळालेला गट वर्दळीला नाजूक आहे असं म्हणता येतं. लेप्टोजियम पूर्व पट्ट्यात कुठेच दिसलं नाही, तर त्यावरून एमआयडीसीबद्दल काहीही लिहू नका. ते ओल मागणारं शैवाक आहे, कोरड्या मळ्यातही ते नसेल.

धूळ आणि वायू यांची फोड करायची असेल तर सालीचा पीएच मोजा, हे काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतं. चौकटीच्या शेजारून, शैवाक नसलेल्या भागातून वरची दोन-तीन मिलिमीटर साल घ्या आणि सावलीत वाळवा. एक ग्रॅम बारीक करून वीस मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी मीटरने मोजा. प्रमाण सगळ्यांना एकच ठेवा, नाहीतर आकडे जुळत नाहीत. रस्त्याकडेच्या साली शांत जागेपेक्षा ठळकपणे कमी आम्ल निघाल्या, तर धूळ किंवा अमोनिया काम करतोय असं समजा. पीएचमध्ये फरक नाही आणि नाजूक गट तरीही गळालेत, तर संशय नायट्रोजन डायऑक्साइडवर घ्या. जमलं तर त्या अठरा जागी महिनाभर त्याच्या साध्या शोषक नळ्या टांगा.

निष्कर्षाच्या वेळी एकक झाड नाही, जागा आहे. एका चौकातली सहा झाडं एकाच धुरात उभी असतात, त्यांना सहा स्वतंत्र साक्षीदार धरून १०८ ची चाचणी लावली तर फरक खोटाच पक्का दिसतो. तुमच्याकडे नऊ गर्दीच्या आणि नऊ शांत जागा आहेत. प्रत्येक पट्ट्यातल्या सहा जागांवरच्या ‘गर्दी’ आणि ‘शांत’ या चिठ्ठ्या अदलाबदल करायच्या वीस रीती होतात, तीन पट्ट्यांच्या मिळून आठ हजार. त्यांपैकी किती रीतींत तुमच्याइतका किंवा त्याहून मोठा फरक पडतो, एवढंच मोजायचं. संगणकाला ते क्षणाचं काम आहे, आणि मुलांना टी-चाचणीपेक्षा हे लवकर समजतं.

नकाशाखाली ‘प्रदूषण’ असा मोघम शब्द टाकू नका, आणि मायक्रोग्रॅम किंवा हवेचा निर्देशांक तर अजिबात नको. शैवाक काल-परवाची हवा सांगत नाहीत, मागच्या काही वर्षांची सांगतात. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरच्या कामाची धूळ तिथल्या खोडांनी खाल्लेली आहे, ती आजच्या वाहतुकीच्या नावावर घालू नका. सर्वांत बारीक धूलिकण, जे माणसाच्या फुप्फुसात जातात, त्यांच्याबद्दलही ही पाहणी भरवशाचं काही सांगत नाही. ‘वर्दळीच्या रस्त्यालगत अमुक गट कमी होतात, आणि हा फरक तिन्ही पट्ट्यांत दिसतो’ एवढं वाक्य तुमच्या हातात असेल, आणि ते तुम्हाला कुणापुढेही टिकवता येईल.

दर दहातलं एक खोड दुसऱ्या जोडीकडून पुन्हा मोजून घ्या. पहिल्या जोडीचा कागद त्यांना दाखवायचा नाही. दोन बेरजांमध्ये पाचव्या हिश्श्याहून जास्त फरक येत असेल तर तिथेच थांबा. तो जवळजवळ नेहमी खपलीच्या गटात असतो. सगळ्यांना एका झाडाशी उभं करून नखाची चाचणी पुन्हा शिकवा आणि त्या जोडीची आधीची खोडं पुन्हा मोजा. खोडाला खिळा मारून नंबर लावू नका. मोबाइलची जागानोंद पाच-दहा मीटर चुकते, म्हणून प्रत्येक झाडाचा लांबून एक आणि चौकटीचे चार फोटो ठेवा, घेर लिहा आणि जवळच्या विजेच्या खांबापासूनचं अंतर टेपने मोजा. चार-पाच वर्षांनी पुढची तुकडी हीच खोडं मोजेल, आणि रस्तारुंदीत जे झाड गेलं असेल त्याच्या जागी मध्यबिंदूपासून पुढचं झाड घेईल. तोडलेलं झाडही यादीत त्याच्या तारखेसकट राहू द्या.